बॉर्डरवरची साखर मागे कशी फिरते?

कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीचा रिपोर्ट ई-मेलवर येतो. सगळे आकडे काळ्या अक्षरांत, फक्त दोन ठळक: उपाशीपोटीची साखर १०८ आणि एचबीएवनसी ६.१. शेवटी एक ओळ, 'प्रीडायबेटिस, डॉक्टरांचा सल्ला घ्या.' ज्याचा हा रिपोर्ट, तो ३२ वर्षांचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. त्रास म्हणाल तर काहीच नाही. दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात, पण ते तर सगळ्या फ्लोअरचेच मिटतात.

मित्र म्हणतो, "बॉर्डरवर आहे ना, मग टेन्शन कशाला?" आई म्हणते, "साखर बंद कर आणि सकाळी कारल्याचा रस घे." वडिलांना मधुमेह आहे, ते म्हणतात, "आपल्या घराण्यातच आहे, आज ना उद्या येणारच." तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण तिघांचं ऐकून हा तरुण काही करू शकेल असं नाही.

हा तरुण नमुन्यादाखल रचलेला आहे. पण असे रिपोर्ट खरे आहेत आणि भरपूर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडिया-बी' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर त्याहून जास्त, साधारण साडेतेरा कोटी लोक आहेत. या उंबरठ्यावरून माघारी येता येतं. मात्र शरीरात नेमकं काय अडलं आहे ते कळलं, तरच योग्य ठिकाणी हात घालता येतो.

आकडे वाचायचे कसे

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० मिलीग्रॅमच्या आत असणं सामान्य. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व स्थिती, १२६ पासून पुढे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना ही मधली पायरी ११० पासून धरते, म्हणून दोन लॅबच्या रिपोर्टांवर कधी कधी वेगळा शेरा दिसतो. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. तिथे ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा आणि ६.५ पासून मधुमेह.

तिसरी तपासणी आपल्याकडे गरोदर बायका सोडल्या तर फार कमी लोक करतात, आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० च्या आत आला तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधला पट्टा, २०० पासून मधुमेह. आपल्या तरुणाने ही तपासणी केली तेव्हा आकडा आला १६८.

उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः यकृताबद्दल बोलतो. रात्रभर आपण काही खात नाही, तेव्हा यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. 'आता पुरे' हा इन्सुलिनचा निरोप त्याला नीट पोचला नाही, तर सकाळचा आकडा चढतो. दोन तासांनंतरचा आकडा मुख्यतः स्नायूंबद्दल बोलतो, कारण खाल्लेल्या साखरेचा मोठा वाटा त्यांनी उचलायचा असतो. आपल्या तरुणाचे दोन्ही आकडे चढलेले आहेत. म्हणजे दोन्हीकडे काम आहे.

एचबीएवनसीवर डोळे मिटून विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवं. ही तपासणी तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर होते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल, तर हा आकडा विनाकारण थोडा जास्त येऊ शकतो. सिकलसेलसारख्या आजारात तो फसवा कमी येऊ शकतो, आणि विदर्भातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. म्हणून एका आकड्यावर निकाल न देता, उपाशीपोटीच्या आणि दोन तासांनंतरच्या साखरेशी तो ताडून पाहायचा.

चमचाभर साखर आणि एक डबा

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० मिलीग्रॅम असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आता या तरुणाचा दुपारचा डबा उघडून पाहू. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, मोठी वाटी भात, त्यावर पातळ वरण. चार पोळ्यांतून साधारण ८० ग्रॅम कर्बोदकं, भातातून ४०, बटाटा आणि वरण धरून आणखी वीसेक. म्हणजे गोड काहीही न खाता सुमारे १४० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली. त्यांतल्या बहुतेकांची पचनानंतर साखरच होते, आणि पुढच्या तीन-चार तासांत ती रक्तातून कुठेतरी जायला हवी, कारण रक्तात जागा आहे एका चमच्याची.

ती जाते मुख्यतः दोन ठिकाणी. यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि स्नायूंत त्याच्या चारेक पट. स्नायू हे शरीराचं सर्वांत मोठं कोठार, पण या कोठाराची एक अट आहे: आतला माल खपला तरच नवा घेता येतो. शेतात राबणारा माणूस चार भाकरी खातो तेव्हा त्याचं कोठार बरंच रिकामं असतं. आपला तरुण सकाळी लिफ्टने खाली आला, कॅबने ऑफिसात गेला आणि दीडपर्यंत खुर्चीत बसला. कालचा माल तसाच पडून आहे. मग साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि उरलेल्या साखरेतली काही यकृत चरबीत बदलतं.

ही चरबी यकृतातच साठू लागली, की यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि सकाळची साखर वाढते. तिथून चरबी रक्तावाटे इतरत्र जाते, स्वादुपिंडातही साठते आणि तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या डॉ. रॉय टेलर यांनी हे चक्र मांडलं आणि ते उलटं फिरवता येतं हेही दाखवलं. आहार कमी करून वजन उतरवलेल्या मधुमेहींच्या यकृतातली चरबी आठवड्याभरात झपाट्याने उतरली आणि उपाशीपोटीची साखर ताळ्यावर आली. स्वादुपिंडाला मात्र काही आठवडे लागले. प्रत्येक माणसाची चरबी सोसण्याची मर्यादा वेगळी असते, असंही त्यांचं म्हणणं आहे. एखादा १०० किलोला निवांत असतो, एखादा ७० किलोलाच ती मर्यादा ओलांडतो.

७६ किलो म्हणजे लठ्ठ थोडाच?

आपल्या तरुणाला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते याचंच. तो स्वतःला लठ्ठ समजत नाही. हातपाय बारीकच आहेत, जरा पोट सुटलंय इतकंच. याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला एक फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर एकसारखे दिसणारे हे दोन देह आतून किती वेगळे होते, ते या फोटोने जगाला दाखवलं.

याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः लहान असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीदार हा भारतीय देह ऑफिसात येण्याच्या कितीतरी आधी घडू लागलेला असतो. खुर्ची त्यात भर घालते.

म्हणून आपल्याकडे मोजपट्टी वेगळी आहे. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर यांच्या आत हवी. आपल्या तरुणाचा बीएमआय २५.७ आणि कंबर ९६. पॅन्टचा नंबर सांगू नका. टेप बरगड्यांचा खालचा काठ आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर धरायची. पोट आत ओढून घेतलेलं माप आपल्यालाच फसवतं.

जेवणानंतरची पंधरा मिनिटं

आता काय करायचं ते. सुरुवात स्नायूंपासून करू, कारण इथे परिणाम त्याच दिवशी दिसतो. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करत असले, की साखर आत नेणारी प्रथिनं इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूसुद्धा चालताना साखर घेतोच. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी ही फार मोलाची सोय आहे.

म्हणून चालण्याची वेळ महत्त्वाची. साखरेचा चढ जेवण सुरू केल्यापासून तासाभराच्या आसपास शिखरावर असतो. जेवून हात धुतले की दहा-पंधरा मिनिटांत निघायचं आणि पंधरा मिनिटं चालायचं. धाप लागेल असं नाही; सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने. आपला तरुण दीडला जेवून कॅम्पसला दोन फेऱ्या मारतो आणि रात्री जेवल्यावर सोसायटीत तेवढंच चालतो. अर्धा तास झाला, आणि तोही साखर सर्वांत जास्त असण्याच्या वेळी.

दुसरी गोष्ट सलग बसणं मोडण्याची. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या लोकांना काही तास बसवून ठेवलं. एका दिवशी सलग आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालवून. चालण्याच्या दिवशी खाण्यानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही लक्षणीय कमी होती. ऑफिसात दर वीस मिनिटांनी उठणं जमत नाही हे खरं आहे. पण ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं आहे ती उभ्याने किंवा चालत ऐकता येते. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता अर्धा लिटरचा पेला घेऊन दर वेळी उठता येतं. तीन मजल्यांपर्यंत लिफ्ट टाळता येते. दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन-तीन मिनिटं पाय हलले तरी चालेल. नुसतं उभं राहिल्याने मात्र फारसं साधत नाही. पायांचे मोठे स्नायू हलले पाहिजेत.

तिसरी गोष्ट कोठार मोठं करण्याची, आणि बारीक हातपायांच्या भारतीयांनी ती टाळू नये. आठवड्यातून दोन-तीन वेळा मांड्या, पाठ आणि छाती यांना ताकदीचा व्यायाम हवा. जिम लागतेच असं नाही. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन जिने. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटची दोन कठीण जावीत, इतका भार असावा. जी हालचाल सहज तीस वेळा होते, तिने स्नायू वाढत नाहीत.

ताटात काय हलवायचं

साखर बंद करणं ठीक, पण आपल्या तरुणाच्या दिवसातली मोठी चूक तिथे नाही. मशीनचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम झाले. ते तीन आठवड्यांत बिनसाखरेचे करता येतात, अर्धा अर्धा चमचा कमी करत. पण दुपारच्या डब्यातले १४० ग्रॅम तसेच राहिले, तर चहाने फार काही साधणार नाही.

डब्यात हलवायच्या गोष्टी दोन. धान्य निम्म्यावर आणायचं, आणि निघालेल्या जागी प्रथिनं आणि भाज्या भरायच्या. चार पोळ्या आणि भाताऐवजी दोन पोळ्या, किंवा एक पोळी आणि अर्धी वाटी भात. पातळ वरणाऐवजी मटकी, मूग किंवा चवळीची घट्ट उसळ, मोठी वाटी. बटाट्याऐवजी दुधी, कोबी, फरसबी, मेथी यांतली भाजी, पोळीइतकीच जागा घेणारी. वर काकडी-गाजराची कोशिंबीर आणि वाटीभर दही. असा डबा पोटभर होतो, पण त्यातली कर्बोदकं ऐंशीच्या आसपास येतात.

प्रथिनं मोजायला सोपी आहेत. किलोमागे एक ग्रॅम धरलं तर या तरुणाला दिवसाला सत्तरच्या वर ग्रॅम लागतात. उसळीच्या मोठ्या वाटीतून आठ-नऊ, दोन अंड्यांतून बारा, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास मिळतात. शाकाहारी घरात हे सहसा भरत नाही, म्हणून नाश्त्यापासून सुरुवात करावी लागते. नुसत्या पोह्यांऐवजी निम्मे पोहे आणि निम्मी मोडाची मटकी, वर शेंगदाणे. किंवा मुगाचं धिरडं आणि दही. खात असाल तर अंडी.

जेवणाचा क्रम बदलणं फुकटात होतं. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात सर्वांत शेवटी. तेच पदार्थ तेवढेच खाऊनही या क्रमाने जेवणानंतरचा चढ कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

फसवणूक सहसा 'चांगल्या' पदार्थांतून होते. गूळ आणि मध ही साखरच आहे. मोसंबीचा रस म्हणजे तीन मोसंब्यांची साखर, चोथा वगळून. ज्वारी-नाचणी गव्हापेक्षा थोड्या बऱ्या, पण 'मिलेट आहे' म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर हिशोब तोच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा चिवडा खाल्ला, तर उपासाचा तो दिवस साखरेसाठी आठवड्यातला सर्वांत जड ठरतो. कारल्याचा रस प्यायला हरकत नाही, पण त्यावर चार पोळ्या पचवता येत नाहीत.

रात्री साडेदहाचं जेवण

आयटीतल्या माणसाची खरी अडचण रात्रीची आहे. अमेरिकेशी कॉल साडेसातला सुरू होतो, नऊला संपतो, घरी पोचून जेवण साडेदहाला आणि झोप साडेबाराला. रात्री तेच जेवण सकाळपेक्षा साखर जास्त चढवतं, कारण शरीराच्या घड्याळानुसार इन्सुलिनचा जोर संध्याकाळनंतर उतरतो. त्यात जेवल्या जेवल्या आडवं होणं आलं.

यावर उपाय साधा आहे, पण घरच्यांना पटवावा लागतो. आपल्या तरुणाने दुसरा डबा नेणं सुरू केलं. कॉलच्या आधी सात वाजता उसळ, भाजी आणि एक भाकरी. घरी आल्यावर फक्त ताक किंवा सूप. सात वाजताच्या वडापावची आणि बिस्किटांची जागाही त्या डब्याने घेतली. 'पोरगं घरी येऊन काहीच खात नाही' म्हणून आई पहिल्या आठवड्यात रुसली, मग तीही साडेसातला जेवू लागली.

झोपेकडे साखरेचा विषय म्हणून कोणी पाहत नाही. निरोगी तरुणांना काही रात्री चारच तास झोपू दिलं, तरी त्यांची साखर हाताळण्याची क्षमता घटलेली दिसली आहे. सहा तासांच्या खाली झोप गेली, तर दुसऱ्या दिवशी भूकही वाढते आणि ती गोड-तळलेल्याकडे ओढते. जोरात घोरणं आणि सकाळी डोकं जड असणं ही लक्षणं असतील, तर झोपेत श्वास अडतो का ते तपासून घ्यावं. त्याचा साखरेशी थेट संबंध आहे.

किती केलं म्हणजे पुरे?

यावर पुरावा बराच आहे. अमेरिकेतल्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या अभ्यासात उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक होते. एका गटाला दोन लक्ष्यं दिली: वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत या गटातला मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. मेटफॉर्मिन गोळ्या घेणाऱ्या गटात तो ३१ टक्क्यांनी घटला.

पण आपण बारीक हाडांचे भारतीय. आपल्याला हे लागू पडतं का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच अभ्यास करून २००६ मध्ये उत्तर दिलं. तीन वर्षांत साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं नेटाने पाळणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना. विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. गोळी आणि व्यायाम दोन्ही एकत्र दिल्याने जास्त काही मिळालं नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून सोडून देऊ नये. दोन, आपल्यात हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा वेगाने पुढे सरकतो. सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक तीन वर्षांत पलीकडे गेले. 'पाहू पुढच्या वर्षी' म्हणणं आपल्याला परवडत नाही.

आपल्या तरुणाचं सात टक्के म्हणजे पाच-सव्वापाच किलो. महिन्याला किलोभर उतरलं तरी सहा महिन्यांत ते होतं. याहून घाई करू नये. महिनाभर नुसत्या सूप आणि सॅलडवर सात किलो उतरवणाऱ्याचे स्नायूही उतरतात, आणि वजन परत येतं तेव्हा चरबी होऊन येतं. कोठार लहान झालेलं असतं.

पहिल्या तीन महिन्यांनंतर त्याचं वजन ७३, कंबर ९२, एचबीएवनसी ५.८. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे ही तपासणी तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थ नसतो. मधल्या काळात घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी आठवड्यातून एक-दोनदा पाहिलं, तर कोणतं जेवण आपल्याला चढतं ते कळतं. त्याला इडली चढायची, थालीपीठ नाही. सहा महिन्यांनी वजन ७१, कंबर ८९, एचबीएवनसी ५.५, उपाशीपोटी ९७ आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १३२. सगळे आकडे सामान्य पट्ट्यात.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. काहींचा जेवणानंतरचा आकडा उतरतो, पण उपाशीपोटीचा हटत नाही. चेन्नईतच झालेल्या आणखी एका अभ्यासात, ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर चढलेली होती, त्यांना जीवनशैलीतल्या बदलाचा फायदा कमी दिसला. सहा महिने नेटाने करूनही आकडे तिथेच असतील, तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. एचबीएवनसी सहाच्या पुढे असेल, वजन बरंच जास्त असेल किंवा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर हा विचार आधीच होतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, आणि शाकाहाऱ्यांत ते आधीच कमी असतं, म्हणून तेही तपासत राहावं लागतं.

एक इशाराही हवा. न प्रयत्न करता वजन झपाट्याने उतरणं, खूप तहान, रात्री वारंवार लघवी, आणि साखर महिन्या-दोन महिन्यांत वेगाने चढत जाणं, हे या लेखातलं प्रकरण नाही. तरुण वयात असं झालं, तर तो इन्सुलिनच्या अभावाचा वेगळा मधुमेह असू शकतो. तिथे डब्याचे प्रयोग न करता लगेच डॉक्टरांकडे जावं. स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनीही साखर चढते, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगावीत.

सामान्य झालं, म्हणजे संपलं का?

नाही. आतला देह तोच आहे, वडिलांकडून आलेलं तेच आहे. पोळ्या चारवर आणि चालणं शून्यावर गेलं, की आकडे परत फिरतात. पण जे मिळवलं ते वायाही जात नाही. त्याच अमेरिकी अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात असं दिसलं, की ज्यांची साखर एकदा तरी पूर्ण सामान्य झाली होती, त्यांचा पुढचा धोका इतरांच्या तुलनेत ५६ टक्क्यांनी कमी राहिला. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात सहा वर्षं आहार-व्यायाम पाळणाऱ्यांचा ३० वर्षं पाठपुरावा झाला. त्यांचा मधुमेह सुमारे चार वर्षांनी लांबला आणि हृदयविकार, पक्षाघात कमी झाले.

म्हणून आकडे ठीक झाल्यावरही वर्षातून एकदा तिन्ही तपासण्या कराव्यात. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, कंबर मापाबाहेर असेल, पीसीओएस असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर कंपनीच्या तपासणीची वाट न पाहता पंचविशी-तिशीतच पहिली तपासणी करून घ्यावी. ती करताना लॅबमध्ये नुसतं 'शुगर' न म्हणता उपाशीपोटीची, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची आणि एचबीएवनसी अशी तिन्ही नावं सांगावीत. आपल्याकडे साखर पुष्कळदा जेवणानंतर आधी बिघडते, आणि फक्त उपाशीपोटी रक्त देणाऱ्याला ते कळतच नाही.